वित्त की पैसा? : जोतीरावांच्या कवितेतले अवघड शब्द

(अलकापुरी, वडोदरा येथे मराठी मंडळींच्या छोट्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना सुटलेली एक-दोन वाक्यं नंतर घातली आहेत.)



बेळगावाकडचा माणूस आला म्हणजे तो सीमाप्रश्नावर बोलणार, असं तुम्ही धरून चालला असाल. ते शेवटी थोडं येईलच. पण आज मी एका कवितेतल्या शब्दांवर बोलणार आहे, आणि त्याला कारण आहे. आमच्याकडं कविसंमेलनं खूप होतात. गावोगावी होतात, रात्री उशिरापर्यंत चालतात, माणसं बसून ऐकतात. त्यात गरिबीवरच्या कविता पुष्कळ असतात. शेतकरी, शहापूर-वडगावचे विणकर, विधवा आई, मुंबईला कामाला गेलेला पोरगा. आणि संमेलन संपल्यावर चहा घेताना दरवेळी एक वाद होतो. एक जण म्हणतो, गरिबाची कविता साध्या बोलीतच पाहिजे, संस्कृत शब्द म्हणजे ढोंग. दुसरा म्हणतो, साधं साधं म्हणून कविताच उरत नाही, ती बातमी होते.

मला दोघांचंही अर्धंच पटतं. का, ते सांगण्यासाठी दोन ओळी घेऊ. कुणाच्या कवितेवर बोट ठेवायला नको म्हणून मीच पाडल्या आहेत. चांगल्या नाहीत, मुद्दाम नाहीत.

*क्षुधित उदरी अश्रू गिळुनी दीन जननी निजे,*
*भग्न कुटीच्या तमात एकच दीप तेवत विझे.*

ऐकायला बरं वाटतं. टाळ्याही पडतील. आता मला सांगा, ही बाई उपाशी का निजली? माहीत नाही. घरात कोण कोण आहे? माहीत नाही. दिवा कसला होता, का विझला? तेही नाही. या ओळी लिहायला मला कुठल्याही गरीब घरात जावं लागलं नाही. ‘क्षुधित’, ‘दीन’, ‘भग्न’ हे शब्द तयार मिळतात, लग्नाच्या पत्रिकेतल्या मजकुरासारखे. नाव बदललं की झालं.

आता हेच बोलीत लिहून बघू.

*पोरांना वाढलं, उरलं नाही. पाणी पिऊन आई निजली.*
*रॉकेल संपलं होतं, तेव्हा चिमणी आपोआपच विझली.*

इथं दुःखाचा एकही शब्द नाही. पण हिशेब आहे. आधी पोरांना वाढलं, मग भांड्यात बघितलं, मग पाणी प्यायली. विझणं इथं प्रतीक म्हणून येत नाही, रॉकेल संपलंय. ‘दीप’ लिहिताना तेल कसलं हे सांगावं लागत नाही. ‘चिमणी’ लिहिली की सांगावंच लागतं. रोजचा शब्द सोपा असतो म्हणून चांगला, असं मी म्हणत नाही. तो कवीला माहिती मागतो. माहिती नसली तर तो शब्द हातात घेताच येत नाही. बोलीचा खरा फायदा हा आहे.

म्हणजे पहिला मित्र जिंकला? थांबा. तिसरा नमुना ऐका.

*भुकेनं बेजार बिच्चारी माय,*
*फाटक्या लुगड्यात रडत हाय.*

सगळे शब्द बोलीतले. ‘हाय’सुद्धा आहे. आणि तरी माझ्या मते तिन्हींत वाईट नमुना हाच. पहिल्यातला कवी त्या बाईपासून लांब उभा आहे, पण निदान लांब उभा असल्याचं लपवत नाही. तिसऱ्यातला तिच्या ओसरीवर येऊन बसला आहे आणि तिथून तिला ‘बिच्चारी’ म्हणतो आहे. हा शब्द आपण आपल्या आईला कधी म्हणतो का? तो नेहमी दुसऱ्याच्या आईला असतो. आणि ‘हाय’ म्हणणारा कवी आपली स्वतःची कविता ‘आहे’मध्ये लिहितो, हेही बघा. गरीब पात्र आलं की बोली, निवेदन आलं की प्रमाण भाषा. कथा-कवितांत ही सवय फार आहे. बोली तिथं कपड्यासारखी चढवलेली असते.

तेव्हा अवघड शब्द म्हणजे तुच्छता आणि सोपा शब्द म्हणजे जवळीक, हे गणित बसत नाही. शब्दाच्या कुळावरूनही काही ठरत नाही. ‘भूक’ हा शब्द घ्या. त्याहून घरगुती शब्द मराठीत कुठला? पण तो आला आहे संस्कृत ‘बुभुक्षा’वरून, म्हणजे खाण्याची इच्छा. ‘गरीब’ हा अरबीतून आला, आणि अरबीत त्याचा अर्थ परका, परमुलखातला माणूस. ‘मजूर’ फारसीतून. आपल्या गरिबीचे निम्मे शब्द बाहेरगावाहून आलेले आहेत. ते घरचे झाले कारण लोकांनी ते वापरून वापरून गुळगुळीत केले. ‘क्षुधा’ तशीच कोरी राहिली, कारण भूक लागलेल्या माणसानं ती कधी तोंडात घेतलीच नाही.

मग गरीब माणसानं, किंवा त्याच्या बाजूनं बोलणाऱ्यानं, तो कोरा अवघड शब्द मुद्दाम उचलला तर? इथं मला जोतीरावांकडं यायचं आहे, आणि ते बडोद्यातच बोलायला हवं.

‘शेतकऱ्याचा असूड’ 1883 सालचा. पुस्तक पूर्ण छापून हातोहात जाण्याआधी जोतीरावांनी ते ठिकठिकाणी लोकांना वाचून दाखवलं, आणि त्या ठिकाणांत बडोदं आहे. सयाजीराव महाराजांनी ते त्यांच्या तोंडून ऐकलं. महाराजांना कारभाराचे अधिकार 1881च्या डिसेंबरात मिळालेले, वय विशीच्या आसपास. समोर पन्नाशीतला फुलमाळी, हातात कागद, आणि वाचतोय काय, तर शेतकऱ्याला कोण कोण कसं लुटतं ते. आपण इथं अलकापुरीत बसलो आहोत, ही त्या संस्थानाच्या राजधानीची वस्ती. मला या गोष्टीचं अप्रूप वाटतं, तुम्हाला रोजचं असेल.

त्या पुस्तकाच्या उपोद्घातातली छोटी कविता तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. शाळेच्या भिंतीवर असते, भाषणात असते. विद्या नसल्यामुळं काय काय गेलं, त्याची साखळी. म्हणून ती आपल्याला शिक्षणाची कविता वाटते. मी म्हणतो, ती गरिबीची कविता आहे. मराठीतली सगळ्यात आखीव. गरिबी कशी येते हे ती पायरी-पायरीनं सांगते. ती म्हणून दाखवत नाही, तुमच्या तोंडात आहेच. शब्द फक्त बघू.

नामं आधी. मती, नीती, गती, वित्त, अविद्या. एकही नाम चुलीजवळचं नाही. भाकरी नाही, भूक नाही, फाटका कपडा नाही, अश्रू तर नाहीतच. हेच जोतीराव पुढं गद्यात कुणबी, माळी, धनगर म्हणून नावं घेतात, शेतकऱ्याच्या घरात शिरतात, तिथल्या वस्तू मोजून दाखवतात. म्हणजे बोली त्यांना येत नव्हती असं कुणी म्हणू शकणार नाही. मग कवितेतच हे पंडिती शब्द का?

एक शब्द बदलून बघू. ‘वित्त’ काढा, ‘पैसा’ घाला. अर्थ जवळपास तोच. पण कवितेचं काय होतं? पैसा गेला म्हटलं की डोळ्यांपुढं खिसा येतो. जुगारात जातो, दारूत जातो, लग्नात जातो, आणि मग ऐकणारा म्हणतो, नीट वापरायला नको का? दोष पैसेवाल्यावर येतो. ‘वित्त’ म्हटलं की जमीन, गुरं, घर, पत, सगळं येतं, आणि ते कुणाच्या खिशातून पडत नाही. शिवाय हा शब्द शास्त्रांचा आणि दरबाराचा. आजही सरकारच्या खात्याचं नाव वित्त विभाग असतं. शेतकऱ्याकडं पैसा नव्हता हे सगळेच सांगतात. जोतीराव सांगतात की त्याचं वित्त होतं आणि ते गेलं. ज्याला वित्त असतं तो भिकारी नसतो. एका नामात माणसाची इभ्रत राखली.

‘अविद्या’ तर त्याहून धाडसी. वेदान्तात हा फार मोठा शब्द. जीव बंधनात का पडतो? अविद्येमुळं. तिथं अविद्या म्हणजे ब्रह्माचं अज्ञान. जोतीरावांनी शब्द तोच ठेवला, बंधनाचं कारण हे त्याचं कामही तेच ठेवलं, आणि आतला अर्थ काढून टाकला. आता अविद्या म्हणजे लिहिता-वाचता न येणं, येऊ न देणं. ज्यांनी शब्द कुलपात ठेवला होता त्यांच्याच शब्दानं त्यांच्याकडं हिशेब मागितला. ‘अडाणीपणा’ लिहिलं असतं तर? तर ती शेतकऱ्याला दिलेली शिवी झाली असती. अडाणी माणूस स्वतः असतो. अविद्या त्याच्यावर येऊन पडते.

साखळीची रचनाही ऐकल्यासारखी वाटते ना? गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अशीच एक उतरंड आहे, विषयांच्या ध्यानापासून सुरू होते आणि बुद्धिनाशावरून सर्वनाशापर्यंत जाते. जोतीरावांनी तिथूनच घेतली असं मी ठामपणे म्हणणार नाही. पण दोन्ही शेजारी ठेवा. तिथं माणूस स्वतःच्या वासनेमुळं घसरतो. इथं वासना नाहीच, त्याला शाळेत घेतलं नव्हतं एवढंच.

आता क्रियापदं. गंमत इथं आहे. नामं सगळी दरबारी, आणि क्रियापदं सगळी घरची. सुरुवातीच्या टप्प्यांत एकच क्रिया परत परत येते, जाणं. वीज गेली, पीक गेलं, हातचं गेलं, असं आपण दिवसात वीसदा म्हणतो. ‘नष्ट झाली’, ‘लोप पावली’ असं त्यांनी लिहिलं नाही. आणि तोवर कवितेत एकही माणूस आलेला नाही. नुसती नामं जात आहेत. मग माणूस येतो, आणि तो आल्याबरोबर क्रियापद बदलतं. माणूस जात नाही. तो खचतो.

खचणं कशाला म्हणतात? भिंत खचते. विहिरीचा काठ खचतो. पावसाळ्यात रस्ता खचतो. वरून कुणी घाव घातला तर भिंत पडते, मोडते. खालून माती निघून गेली तर खचते. मती, नीती, गती, वित्त ही ती खालची माती. वरच्या दगडाचा दोष शून्य. ‘दरिद्री झाले’ लिहून बघा त्या जागी. काही उरतं का? ती एक अवस्था झाली, कपाळावर लिहिलेली. आणि खचलेलं घर बघितल्यावर कुठलाही गवंडी पहिल्यांदा पायाच उकरतो.

त्या माणसाला तिथं ‘शूद्र’ म्हटलं आहे. आज कानाला टोचतं, टोचायलाच हवं. कुणबी म्हणता आलं असतं, शेतकरी म्हणता आलं असतं, पुस्तकाच्या नावातच शेतकरी आहे. पण साखळीतले बाकीचे शब्द ज्या पोथ्यांतले, त्याच पोथ्यांत या माणसाला विद्या नाही असं लिहून ठेवलं होतं, आणि तिथं त्याचं नाव हेच होतं. आरोपपत्रात नाव कागदावर असतं तसंच लिहावं लागतं. आणि शेवटचं क्रियापद ‘करणं’ आहे. अनर्थ झाले, ओढवले, नशिबी आले, असं नाही. केले. कर्ता आहे. कर्त्यापाशी कविता थांबते, आणि त्या कर्त्याला कुणी पोसलं हे सांगायला पुढचं अख्खं पुस्तक आहे.

आता कुणी विचारेल, ऐकणाऱ्या शेतकऱ्याला हे शब्द कळत होते का? पुस्तक वाचून दाखवलं जात होतं, ऐकणाऱ्यांत अक्षरओळख नसलेले असणारच. मला वाटतं कवितेची बांधणीच याची सोय करते. प्रत्येक अवघड नाम दोनदा येतं. एकदा गमावलेली वस्तू म्हणून, लगेच पुढच्या गमावण्याचं कारण म्हणून. मती म्हणजे काय हे कळलं नाही तरी ती कशानं गेली आणि ती गेल्यावर काय झालं, हे दोन्ही कानावर पडतं. मध्ये जागा उरते ती अर्थाची. आणि क्रियापद घरचं असल्यामुळं वाक्य कुठं अडत नाही. अवघड शब्द शिकवायची ही पद्धत आहे, शब्दकोश न काढता. नुसत्या जड नामांना जड क्रियापदं जोडून बघा, माझ्या ‘तेवत विझे’सारखी, ऐकणारा पहिल्या ओळीतच निघून जातो.

या कवितेची मर्यादाही सांगायला हवी. तिच्यात पोट नाही. त्या बाईनं पाणी पिऊन झोपणं तिच्यात मावणार नाही. कारणांची कविता आहे ती, दिवसाची नाही. दिवसासाठी जोतीरावांना गद्यात जावं लागलं. आणि पुढं मराठी कवितेला ते जमायला बराच वेळ लागला. केशवसुतांच्या दोन शीर्षकांतच ही ओढाताण दिसते. ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ आणि ‘मजुरावर उपासमारीची पाळी’. एकात ‘अंत्यज’, जो शब्द कुठल्याही मुलानं घरात ऐकला नसेल. दुसऱ्यात ‘पाळी’, जो आपण नळाच्या पाण्याला वापरतो. कवी तोच, तळमळ तीच, पण दुसऱ्या शीर्षकात तो दोन पावलं जवळ आला आहे असं मला वाटतं. फार पुढं, 1966 साली, नारायण सुर्व्यांनी संग्रहाला ‘माझे विद्यापीठ’ हे नाव दिलं. गिरणगावातल्या, रस्त्यावरच्या आयुष्याला सगळ्यात भारदस्त सरकारी शब्द. जोतीरावांच्या ‘वित्त’चीच चाल. आणि 1972 साली ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला, तेव्हा त्यातल्या शब्दांचे अर्थ विचारायची वेळ प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांवर आली. अवघड शब्द कुणाला अवघड, हा प्रश्न तिथं पहिल्यांदा उलटा फिरला.

आता आमच्या सीमाभागाचं.

आमची पत्रकं, आमच्या कविता यांत ‘सीमावासीयांच्या वेदना’, ‘शोषित-पीडित जनता’, ‘अश्रू’ हे शब्द इतके झाले आहेत की वाचताना डोळा त्यांच्यावरून घसरतो. ते माझ्या पहिल्या नमुन्यासारखे आहेत, लिहायला माहिती लागत नाही. शासनाचेही असेच शब्द असतात. ‘दारिद्र्यरेषेखालील कुटुंब’. मी अजून एकही माणूस बघितला नाही जो स्वतःबद्दल हे म्हणतो. महाराष्ट्रात तो म्हणतो, आमचं पिवळं कार्ड आहे. आमच्याकडं म्हणतो, बीपीएल आहे. त्याला रेषा दिसत नाही, कार्ड दिसतं, आणि कार्डावर किती किलो मिळतं ते दिसतं. विणकराचंही तसंच. कवितेत ‘यंत्रमाग’ असतो, वडगावात ‘पावरलूम’ असतो, आणि कवी वडगावचाच असून घरातून निघताना पावरलूम घरी ठेवून येतो.

आणि एक खास आमचा प्रश्न आहे. खानापूर तालुक्यातला शेतकरी मराठी शाळेत शिकलेला, रोज मराठी पेपर वाचणारा. जमिनीचा उतारा काढला की कागद हातात येतो कानडीत. तो वाचता येत नाही. मराठीतून कागदपत्रं द्या ही आमची मागणी किती वर्षांची आहे हे तुम्हाला माहीत आहे. कानडी भाषेशी आमचं भांडण नाही, शेजाऱ्याशी आम्ही त्याच भाषेत बोलतो. पण बोलता येणं वेगळं आणि सरकारी कागद वाचता येणं वेगळं. कचेरीत तो कुणाला तरी पन्नास-शंभर रुपये देऊन वाचून घेतो, आणि वाचणारा सांगेल तेच त्या कागदात आहे असं धरून चालतो. नाव चुकलं, गुंठे चुकले, बोजा राहिला, कळत नाही. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

या माणसाला कवितेत काय म्हणायचं? निरक्षर म्हटलं तर खोटं. गरीब बिचारा म्हटलं तर तो उठून जाईल.

मागच्या एका संमेलनात कॉलेजातल्या एका मुलानं बापावर कविता वाचली. चांगली होती. पण तिच्यात ‘माझा अडाणी बाप’ असं तीनदा आलं. चहाच्या वेळी मी त्याला म्हटलं, अरे, बाप काय वाचतो तुझा? म्हणाला, सर, रोज ‘तरुण भारत’ वाचतात, शेवटच्या पानापर्यंत, वाचून झाल्यावर शेजारच्यांना बातम्या सांगतात. मग अडाणी कसा? तो जरा गप्प झाला. म्हणाला, तलाठ्यापुढं तसेच दिसतात ते. मी म्हटलं, मग ‘दिसतो’ हे लिही की. कुणापुढं दिसतो तेही लिही.

त्यानं वहीत ‘अडाणी’वर काट मारली. काय घालायचं ते तिथल्या तिथं सुचलं नाही त्याला. जागा मोकळी ठेवून वही मिटली, आणि कप परत द्यायला गेला. परवा त्याचा फोन आला होता. म्हणाला, शब्द अजून मिळाला नाही, पण बापाला विचारलं, त्या दिवशी कचेरीत कागद हातात आला तेव्हा काय केलंत? बाप म्हणाला, काय करणार, उलटा तर धरला नाही ना, एवढं बघितलं.

मी त्याला म्हटलं, हेच लिही.